तीन रुपये वाढवले आणि कापूस कमी निघाला



गेल्या आठवड्यात पारावर बसलो होतो. विषय नेहमीचाच, मजूर मिळत नाहीत. एक जण म्हणाला, "मजुरी वाढवा म्हणतात, पण वाढवली की बाया लवकर घरी जातात. पैसा जास्त झालाय त्यांना." सगळ्यांनी माना हलवल्या. मी गप्प बसलो. कारण तो जे म्हणाला त्यातलं अर्धं खरं आहे, ते माझ्या वहीत लिहिलेलं आहे. उरलेलं अर्धं चूक आहे, आणि ते कळायला मला दोन हंगाम लागले. ते आज सविस्तर लिहितो.

काही हंगामांपूर्वीची गोष्ट. आमच्या युसूफ वडगावच्या शिवारात माझा तीन एकर कापूस होता. पहिली वेचणी झाली होती, दुसरी जोरात चालू होती. बोंडं एकदम फुटली होती, रान पांढरंफेक. आठ बाया वेचणीला यायच्या. किलोला दहा रुपये दर. सकाळी दव उडाल्यावर नऊला सुरुवात, दुपारी तासभर भाकरीला आणि सावलीला, पाचला काटा. म्हणजे सात तासांचं काम. आठ जणी मिळून दिवसाला 360 किलोच्या आसपास कापूस निघायचा.

सोमवारी संध्याकाळी मोबाईलवर अंदाज आला, गुरुवारी रात्रीपासून पाऊस. शेतात फिरून अंदाज घेतला तर अजून साडेदहा क्विंटल कापूस झाडावर होता. मंगळवार, बुधवार, गुरुवार असे तीन दिवस हातात. रोजचे 360 धरले तर 1080 किलो, म्हणजे काठावर पास. मला काठ नको होता. म्हणून मी रात्रीच टोळीच्या म्होरक्या मावशीच्या घरी गेलो आणि सांगितलं, "मावशी, उद्यापासून तेरा रुपये देतो. पण गुरुवारपर्यंत रान मोकळं करून द्या." मावशी म्हणाली, "बरं हाय दादा. येतो की समद्याजणी."

माझा हिशेब साधा होता. दहाला 45 किलो वेचणारी बाई तेराला 55 तरी वेचेल. कोण सोडतं जास्तीचे पैसे?

मंगळवारी सगळ्या वेळेवर आल्या. दुपारी मी डीपीवर गेलो होतो, परत आलो तर साडेतीनच्या आतच काट्यापाशी गर्दी. आठातल्या सहा जणी गाठोडी घेऊन उभ्या. मला वाटलं, काहीतरी झालं. काही झालं नव्हतं. त्यांचा दिवस संपला होता. मी दोन शब्द जास्तच बोललो, ते इथं लिहीत नाही. मावशी काही बोलली नाही, वजन करून पैसे पदरात बांधून निघाली. बुधवारी तेच. गुरुवारी तेच.

तीन दिवसांत 909 किलो निघाला. गुरुवारी रात्री पाऊस आला आणि दीड क्विंटलच्या आतबाहेर कापूस झाडावर भिजला. नंतर वेचला, पण पिवळट पडला होता आणि बोंडाला चिकटला होता. व्यापाऱ्याने हात लावला आणि भाव पाडला. तीन रुपये जास्त दिले ते वेगळेच. एका दिवसाचं बघा. आधी 360 किलोला 3600 रुपये जायचे. आता 303 किलोला 3939 रुपये गेले. 339 रुपये जास्त देऊन 57 किलो कापूस कमी.

डोकं फिरणार नाही तर काय होणार?

राग शांत झाल्यावर एक दिवस वही घेऊन बसलो. मी प्रत्येकीचं वजन रोज लिहितो, पैशाचा घोळ नको म्हणून. त्या सहा जणींची आधीची सरासरी काढली, साडेपंचेचाळीस किलो. तेरा रुपये दर झाल्यावरची काढली, पस्तीस किलो. मग दोन्ही पैशात मांडलं. साडेपंचेचाळीस गुणिले दहा, 455 रुपये. पस्तीस गुणिले तेरा, 455 रुपये. मी दोनदा गुणाकार केला. एकेकीचे आकडे थोडे मागेपुढे होते, पण सरासरी तिथंच येऊन थांबत होती. दर वाढला होता, पण त्यांच्या पदरात बांधला जाणारा पैसा वाढला नव्हता. त्यांनी माझ्याकडून जास्तीचे पैसे घेतलेच नव्हते. त्यांनी दीड तास घेतला होता.

उरलेल्या दोघींचं वेगळं होतं. एक जण आधीही 39 किलो वेचायची, नंतरही 39. आणि एक जण 48 वरून 54 वर गेली होती. ती एकटी पाचपर्यंत थांबायची, दुपारची सावलीही कमी घ्यायची. तिचा बचत गटाचा हप्ता थकला होता हे मला नंतर समजलं.

आता इथं एक शंका कुणालाही येईल, मलाही आली. कापूसच विरळ झाला असेल तर? दुसऱ्या वेचणीचा भर ओसरला की बाईचे किलो आपोआप घटतात, त्यात दराचा काही संबंध नसतो. म्हणून नुसत्या किलोवर विश्वास ठेवू नका. तास बघा. आधी सात तासांत साडेपंचेचाळीस, म्हणजे तासाला साडेसहा किलो. नंतर साधारण पाच तास चोवीस मिनिटांत पस्तीस, म्हणजे पुन्हा तासाला साडेसहा किलो. हाताचा वेग तोच होता. कापूस विरळ झाला असता किंवा बायांनी टंगळमंगळ केली असती, तर तासाचे किलो पडले असते. पडले ते फक्त तास. दुसरी शंका अशी की त्या माझ्याकडून निघून दुसऱ्याच्या रानात जात असतील. तेही विचारून घेतलं. गेल्या नव्हत्या. घरी गेल्या होत्या.

माझा भाचा परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकलाय. त्याला हे आकडे दाखवले तर तो हसायला लागला. म्हणाला, "मामा, याला पुस्तकात नाव आहे. मागे वळणारा श्रमाचा पुरवठा." त्याने मला जर्मनीतल्या माक्स वेबर नावाच्या पंडिताचं उदाहरण सांगितलं. ते शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचं आहे आणि आपल्यासारखंच कापणीचं आहे. तिकडेही घाईच्या दिवसांत मालक गुत्त्याचा दर वाढवायचे. एक माणूस एका मापाच्या रानाला एक मार्क या दराने दिवसात अडीच मापं कापायचा, त्याला अडीच मार्क सुटायचे. दर सव्वा मार्क केला. तो तीन मापं कापून पावणेचार मार्क सहज मिळवू शकला असता. त्याने कापली दोनच. दोन सव्वे अडीच. त्याचे रोजचे अडीच मार्क झाले, तो घरी गेला. मी म्हणालो, "अरे, हा तर माझ्याच रानातला माणूस."

भाच्याने समजावून सांगितलं ते माझ्या भाषेत सांगतो. दर वाढला की माणसाला एकाच वेळी दोन ओढी लागतात. एक ओढ कामाकडे. आता एक तास बसून राहिलं तर पासष्टऐवजी पंच्याऐंशी रुपये बुडतात, म्हणून बसणं महाग झालं, काम करावं. दुसरी ओढ घराकडे. जेवढ्या पैशाची गरज आहे तेवढा आता कमी वेळात मिळतो, म्हणून थोडा वेळ स्वतःकडे ठेवणं परवडतं. दोन्ही ओढी प्रत्येक माणसात असतात. कोणती जड पडते त्यावर तो थांबतो की निघतो हे ठरतं. मजुरी फार कमी असते तेव्हा पहिली जड असते, कारण गरजच भागलेली नसते. गरज भागायला लागली की दुसरी जड होत जाते. कागदावर दर उभा आणि कामाचे तास आडवे मांडले, तर रेघ आधी उजवीकडे चढत जाते आणि एका ठिकाणाहून डावीकडे, मागे वळते. हप्ता थकलेली बाई त्या वळणाच्या खाली होती. बाकीच्या सहा जणी वळणाच्या पुढे गेल्या होत्या. एकाच रानात, एकाच दरावर, दोन तऱ्हा.

इथपर्यंत पारावरचा गडी बरोबर होता. त्याचं चुकतं ते पुढच्या वाक्यात, "पैसा जास्त झालाय" यात.

मी मावशीची माफी मागायला गेलो तेव्हा तिला सरळ विचारलं, "मावशी, तीन रुपये वाढवले तरी लवकर कामून निघालात?"

ती म्हणाली, "दादा, आमचा रोज झाला व्हता. घरी दोन नातवंडं. पोरगा न् सून कोयत्यावर गेलेत. पोरं साळंतून येतात तव्हा दाराला कुलूप असतंय, वसरीला बसून ऱ्हातात. तुमच्या तीन रुपयानं त्या तीन दिवशी मी पोरं यायच्या आधी घरी व्हते. दोन दिवस पाणी बी भरून झालं दिसाउजेडी."

मी काही बोलू शकलो नाही.

आपण सगळे बीड जिल्ह्यातले, त्यामुळे हे जास्त सांगायची गरज नाही. दिवाळी झाली की गावातले धडधाकट नवरा-बायको कोयता घेऊन ट्रकमध्ये बसतात. गावात उरतात म्हातारी माणसं आणि नातवंडं. आपला कापूस वेचायला येणारी बाई ही बऱ्याचदा अशी मागे राहिलेली बाई असते. तिला घरी दुसरं कुणी नाही. पुस्तकात ज्याला 'विश्रांती' किंवा 'फुरसत' म्हणतात, ती तिच्याकडे नसतेच. माझ्या काट्यावरून ती उठते ती बाजेवर पडायला नाही. पाणी, चूल, शेरडं, लेकरं असं दुसरं काम तिची वाट बघत असतं, फक्त त्याचे पैसे कुणी देत नाही. मी दर वाढवला तेव्हा तिने त्या पैशातून स्वतःच्या घरच्या कामाचा दीड तास विकत घेतला. हा आळस असेल तर मग घर सांभाळणाऱ्या सगळ्याच बाया आळशी.

आणि आपलं काय? 2021 च्या जुलै-ऑगस्टमध्ये सोयाबीन दहा हजारांच्या वर गेलं होतं, आठवतंय ना. माझ्याकडे थोडं राखून ठेवलेलं होतं. त्या पैशावर मी पहिल्यांदा फवारणीला माणूस लावला. त्याआधी पाठीवर पंप घेऊन मीच मारायचो. माझी कमाई वाढली आणि मी माझं अंगमेहनतीचं काम कमी केलं. गावातल्या एकानेही मला म्हटलं नाही की पैसा जास्त झालाय. उलट म्हणाले, बरं केलंस, औषधाचा वास छातीत जातो. मीही त्याच रेघेवर वळलो होतो. माझ्या वळण्याला शहाणपण म्हटलं, मावशीच्या वळण्याला माज म्हटलं.

आता दुसरी बाजू बघू. मावशीचा पोरगा आणि सून ज्या कामाला गेलेत, तिथं काय होतं?

जानेवारी 2024 मध्ये पुण्यात ऊसतोडीच्या दराची बैठक झाली आणि 34 टक्के वाढ ठरली. टनाला साधारण 273 रुपये होते ते 366 च्या घरात गेले. आता एका कोयत्याने, म्हणजे एका जोडीने, मुकादमाकडून एक लाख उचल घेतली असं धरा. सोपा आकडा म्हणून एक लाख, प्रत्यक्षात कमी-जास्त असते. जुन्या दराने ती फेडायला 366 टन ऊस तोडावा लागायचा. नव्या दराने 273 टन. जोडी दिवसाला दोन टन तोडते असं धरलं तर 183 दिवसांचं काम 137 दिवसांवर आलं. शेहेचाळीस दिवस वाचले. माझ्या कापसाच्या हिशेबाने ती जोडी दीड महिना आधी गावी यायला पाहिजे, लेकरांपाशी.

पण ती येत नाही. कारण उचल तेवढीच राहत नाही. दर वाढला की जोडीही मोठी उचल मागते, मुकादमही मोठी देतो, कारण पैसा अंगावर असेल तर माणूस पट्टा पडेपर्यंत हलत नाही हे त्याला पक्कं माहीत आहे. हंगाम संपतो तेव्हाही बऱ्याच जणांच्या अंगावर बाकी राहतेच आणि ती पुढच्या सालात ओढली जाते. शिवाय तिथं खाडा आहे. एक दिवस काम बुडालं तर त्या दिवसाची मजुरी तर जातेच, वरून दंड कापतात. म्हणजे तिथं सुट्टीला नुसती किंमत नाही, सुट्टीवर दंड आहे. आपल्या जिल्ह्यातल्या तोडणी करणाऱ्या बायांच्या गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये राज्यभर गाजला, सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, तेव्हा या खाड्याची चर्चा बाहेरच्यांच्या कानावर पडली. आपल्याला तो आधीपासून माहीत होता.

म्हणून माझ्या मते या विषयातली खरी गोष्ट ही आहे. वाढलेल्या दरावर मागे वळायला मोकळीक लागते. मावशी माझ्या काट्यावरून साडेतीनला उठू शकते, कारण तिने माझ्याकडून आगाऊ काही घेतलेलं नाही. तिचा पोरगा थळातून उठू शकत नाही, कारण त्याच्या दिवसांचा सौदा हंगाम सुरू व्हायच्या आधीच झालेला आहे. एकाच घरातली माणसं. एकीची रेघ वळते, दुसऱ्याची वळू दिली जात नाही. तेव्हा बाया साडेतीनला निघतात याचा अर्थ मजूर बिघडले असा नसतो. त्या कुणाच्या उचलीत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

हे वाचून कुणी म्हणेल, मग दर वाढवूच नका. मला एकाने तसं सांगितलंही. "आठ रुपये कर, बघ कशा सहापर्यंत वेचतात." गणित म्हणून कदाचित जमेलही. 455 रुपयांसाठी आठच्या दराने 57 किलो लागतात, ते पाचपर्यंत होणारच नाहीत. जुन्या काळी विलायतेतले धनीही हेच म्हणायचे, गरिबाला पोटभर दिलं की तो काम करत नाही, म्हणून मजुरी कमी ठेवा. पण एक तर ते भुकेचा चाबूक मारणं झालं. आणि दुसरं, व्यवहार म्हणूनही ते टिकत नाही. शेजारच्या रानात दहा मिळत असतील तर आठला माझ्याकडे कोण येईल? आणि कुठंच पोट भरलं नाही तर पुढच्या सालात मावशीही नातवंडं घेऊन ट्रकमध्ये बसेल.

पुढच्या हंगामात मी दोन गोष्टी करून बघितल्या.

पहिली, सगळ्या किलोंना दर न वाढवता वरच्या किलोंना वाढवला. पस्तीस किलोपर्यंत बारा रुपये, पस्तीसच्या वर जेवढं होईल त्याला सोळा. यामागचं कारण साधं आहे. सगळ्या किलोंना दर वाढवला की पहिल्या पस्तीस किलोतच दिवसाची गरज भागते आणि घराकडची ओढ जड होते. फक्त वरच्या किलोंना वाढवला तर आधीच्या पैशात फरक पडत नाही, पण थांबण्याचा मोबदला मात्र वाढतो. कारखान्यातला ओव्हरटाइम याच तत्त्वावर चालतो. माझ्याकडे हे थोडं चाललं. तीन-चार जणी चाळीस-बेचाळीसपर्यंत गेल्या. पण एक घोटाळा झाला. शेवटच्या तासात घाईघाईने वेचलेल्या कापसात पाला आणि कवडी जास्त यायला लागली. सोळा रुपये देऊन मी पाचोळा विकत घेत होतो. काट्यावर गाठोडं सोडून बघायला लागलो तर वाद व्हायला लागले, हिशेबही किचकट झाला. ज्याला रोज संध्याकाळी काट्यावर स्वतः उभं राहता येतं त्यानेच हे करावं. मी दहा-बारा दिवसांत सोडून दिलं.

दुसरी गोष्ट मावशीनेच सुचवली. म्हणाली, "दादा, आमच्या गल्लीत चार-पाच जणी हायत, त्यांना दिवसभर येणं जमत न्हाई. घरचं आवरून अकराला येत्याल, साडेतीनला जात्याल. तुमी घेता का?" आधी मी कधी घेतलं नव्हतं, कारण आपल्याकडे रोज म्हणजे पूर्ण रोज अशी पद्धत. पण वेचणी किलोवर आहे, तर बाई किती वाजता आली याच्याशी मला काय करायचंय? मी सरळ तेरा रुपये दर केला, साडेतीनचा काटा ठरवून टाकला, आणि ज्यांना थांबायचं त्यांच्यासाठी पाचचा दुसरा काटा ठेवला. आठच्या जागी अकरा बाया झाल्या. सरासरी उतरली, चौतीस किलोवर आली. पण अकरा चोक चव्वेचाळीस आणि वर तीनशे तीस, दिवसाला 374 किलो. दहा रुपयांच्या काळातल्या 360 पेक्षा चौदा किलो जास्त, आणि साडेतीनला माझ्या कपाळावर आठी नाही.

यातून मला कळलेला फरक असा. दर वाढला की एक बाई किती तास काम करते ही एक गोष्ट आहे, आणि किती बाया कामाला येतात ही दुसरी. पहिली गोष्ट मागे वळू शकते. दुसरी सहसा पुढेच जाते, कारण जी आतापर्यंत घरी होती तिच्यासाठी तेरा रुपये म्हणजे घराबाहेर पडायला कारण मिळालं. मी पहिल्या सालात चूक केली ती ही की वाढीव दर देऊन त्याच आठ जणींना रानात अडवून धरायला बघत होतो. त्याच पैशात नववी, दहावी, अकरावी बाई येऊ शकत होती, फक्त तिला जमेल अशी वेळ ठेवायला पाहिजे होती.

याला मर्यादा आहे तीही सांगतो. सगळ्या गावानेच तेरा रुपये केले तर नवीन बाया एका हद्दीपर्यंतच येतील, नंतर आपण एकमेकांच्याच रानातल्या पळवत बसू. आणि सोयाबीनच्या काढणीला हा उपाय चालत नाही, तिथं एकरावर गुत्तं असतं, टोळी एकदम येते आणि एकदम जाते. हे कापसाचं आहे, किलोवर मोजता येणाऱ्या कामाचं आहे.

शेवटी एक विषय, जो पारावर हमखास निघतो. लाडक्या बहिणीचे दीड हजार आल्यापासून बाया येईनात. मी तेही वहीवर मांडलं. महिन्याला 1500 म्हणजे दिवसाला पन्नास रुपये. हा पैसा कामाशी बांधलेला नाही, म्हणून तो फक्त घराकडच्या ओढीत भर घालतो, हे मान्य. पण किती? तेरा रुपये दराने पन्नास रुपये म्हणजे चार किलोही होत नाहीत. तासाला साडेसहा किलो धरले तर पस्तीस मिनिटं. बाईने तो सगळाच्या सगळा पैसा वेळ घेण्यात घातला तरी ती पस्तीस मिनिटं लवकर उठेल. कुणाच्या रानात दिवसच्या दिवस बाया येत नसतील तर त्याचं कारण पस्तीस मिनिटांत सापडणार नाही. ते दुसरीकडे शोधावं लागेल. कुणाचा दर कमी असेल, कुणाचं रान लांब असेल, कुणाचं तोंड वाईट असेल. माझं त्या तीन दिवसांत होतं.

वहीत किलो लिहिता तसे तासही लिहीत जा. बाई कधी आली, कधी उठली. किलो घटले आणि तासाचे किलोही घटले, तर कापूस विरळ झालाय किंवा लक्ष नाही. किलो घटले पण तासाचे किलो तेच राहिले, तर तिचा दिवस तुमच्या दिवसाच्या आधी संपतोय. तेव्हा काट्याची वेळ बदला.

यंदा आमच्याकडे साडेतीनचा काटा कायम आहे. मावशी येते. पोरगा-सून यंदाही कोयत्यावरच आहेत.